तेरा जागांची निवडणूक आणि एका ठरावाची किंमत

कराड तालुक्यातलं कृष्णाकाठचं एक ऊसवालं गाव धरा. गाव आणि माणसं मी रचलेली आहेत, आकडे पण गोष्टीतलेच आहेत, पण यातला एकेक प्रकार आपल्या भागात विकास सेवा सोसायटीच्या इलेक्शनला होतो, आणि तो नीट उलगडून कुणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय. सगळे म्हणतात पैसे वाटले, पाकिटं गेली, मटण झालं. ते होतंच, पण त्यावर इलेक्शन ठरत नाही. पाकीट दोन्हीकडनं येतं आणि माणूस दोन्ही ठेवून घेतो. ठरतं ते त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, आणि ठरतं सोसायटीच्या दप्तरात.

सोसायटी म्हणजे काय तर जिल्हा मध्यवर्ती बँकेकडनं पीककर्ज गावात यायची शेवटची पायरी. संचालक १३. त्यात ८ सर्वसाधारण कर्जदार, २ महिला, १ अनुसूचित जाती-जमाती, १ ओबीसी आणि १ भटक्या-विमुक्तांचा. प्रत्येक सभासदाला या सगळ्या जागांसाठी मत देता येतं, म्हणजे सर्वसाधारण गटात ८ शिक्के, महिलांना २ आणि बाकीच्या तिघांना एकेक. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ या १३ शिक्क्यांचा आहे.

गावात तीन ताकदी. एक आबा, पंधरा वर्षं सोसायटी त्यांच्या हातात, सगळ्यात मोठी भावकी त्यांची, अंदाजे २१० मतं. दुसरे तात्या, त्यांची भावकी १६० च्या आसपास, पण नदीवरनं पाणी उचलणारी लिफ्टची पाणीपुरवठा संस्था त्यांच्याकडे. तिसरी म्हणजे ओढ्यापलीकडची वाडी, ९५ मतं, तिथं बापू म्हणतील ती पूर्व दिशा. बाकी माळी, धनगर, बौद्ध वस्ती, बलुतेदारांची घरं मिळून १४७. यादीवर एकूण ६१२ नावं आणि त्यातली ३८ माणसं वारलेली.

आता ही ३८ नावं यादीत राहिलीच कशी हे बघा. माणूस मेला की वारसांनी अर्ज करायचा, मग कमिटीनं वारस नोंद घ्यायची, शेअर्स वारसाच्या नावावर करायचे. आबांच्या भावकीत कुणी गेलं की महिन्या-दीड महिन्यात नोंद व्हायची. तात्यांच्या गल्लीतल्या माणसाचा अर्ज मात्र पुढच्या मीटिंगला, मग त्याच्या पुढच्या मीटिंगला, मग एक कागद कमी आहे, असं करत दोन-दोन वर्षं पडून. बाप मतदार म्हणून यादीत आहे आणि तो नदीकाठी जळून राख झालाय, पोरगा जिवंत आहे आणि त्याला मत नाही. त्या ३८ मधली जास्त घरं तात्यांच्या बाजूची होती. म्हणजे एकही पाकीट न वाटता समोरच्याची वीसेक मतं बाद. मला विचाराल तर सोसायटी इलेक्शनमधला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे आणि यावर कुणी बोलत नाही, कारण यात ना दारू आहे ना मारामारी.

दुसरी गोष्ट नवीन सभासदांची. कायद्याप्रमाणे नवीन सभासदाला पहिली दोन वर्षं मतदानाचा हक्क नसतो. त्यामुळं ज्याला इलेक्शन कळतं तो अडीच-तीन वर्षं आधी सभासद करायला लागतो. आबांनी तेच केलं, भावकीतल्या लोकांना सांगून दहा-दहा गुंठे पोरांच्या नावावर करून घेतले, सातबारा निघाला की लगेच अर्ज, लगेच मंजूर, अशी ६० नावं चढवली. तात्यांच्या पोरांना हे कळलं तेव्हा सात-आठ महिने गेले होते. त्यांनी ४० अर्ज तयार केले, सोसायटीत घेऊन गेले तर सचिव म्हणाला चेअरमन आल्याशिवाय पोच देता येणार नाही. मग कुणीतरी शहाण्यानं सांगितलं की अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा, तीन महिन्यांत सोसायटीनं निर्णय कळवला नाही तर माणूस सभासद झाला असं कायदा मानतो. तसं केलं, तरी आबांकडनं बऱ्याच जणांना नकाराची पत्रं आली, मग तालुक्याला सहायक निबंधकांकडं अपील, तारखा, आणि शेवटी ४० मधली २२ नावं रजिस्टरवर आली. पण त्यातल्या ९ जणांची दोन वर्षं अर्हता दिनांकापर्यंत भरत नव्हती म्हणून प्रारूप यादीवर हरकत घेतली गेली आणि ती उडाली. राहिली १३. इकडं ६० आणि तिकडं १३, इलेक्शन अजून जाहीर पण झालेलं नाही.

मग इतकं सगळं असताना आबा हरले कसे? तिथंच या प्रकरणाचा खरा गाभा आहे.

आबांची पकड कशावर होती ते आधी सांगतो. दर मार्चला गावात नवं-जुनं चालतं. जुनं पीककर्ज भरायचं आणि नवीन उचलायचं, मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज माफ होतं, नाही भरलं तर माणूस थकबाकीत. पण दीड-दोन लाख रुपये भरायचे कुठनं, ऊसाचं बिल तर हप्त्यानं येतं. तर आबांचा भाऊ चार-आठ दिवसांसाठी हातउसने देतो. बिनव्याजी. पैसे बँकेत जातात, नवीन कर्ज पडतं, लगेच त्याचे त्याला परत. बाहेर यासाठी शेकड्याला दोन-तीन रुपये मोजावे लागतात. गावातली चाळीसेक घरं अशी दर मार्चला आबांच्या ओसरीवर बसलेली असतात. त्यात कुणी कागदावर सही घेत नाही, कुणी मत द्या म्हणत नाही, म्हणायची गरजच नसते. शिवाय कमाल मर्यादा पत्रक कमिटी करते, म्हणजे तुझ्या किती क्षेत्राला किती कर्ज हे आधी चेअरमनच्या टेबलावर ठरतं आणि मग बँकेत जातं. एखाद्याचं पत्रक पंधरा दिवस उशिरा गेलं तर लागणीचं खत उधारीवर आणावं लागतं.

तात्या काही साधुसंत नव्हते, त्यांच्याकडं पाणी होतं. उन्हाळ्यात लिफ्टची पाळी चार दिवस मागं-पुढं झाली की काय होतं ते ऊसवाल्यालाच विचारा. तात्यांच्या माणसाच्या रानात पाळी वेळेवर, आबांच्या कट्टर माणसाच्या वेळी नेमकी मोटर जळलेली. म्हणजे गावातल्या मधल्या माणसावर, जो ना या भावकीत ना त्या भावकीत, दोघांचंही ओझं. मार्चमध्ये आबा लागतात आणि मे महिन्यात तात्या लागतात. या माणसाला एकालाच सगळी मतं देणं परवडतच नाही.

इलेक्शन नोव्हेंबर-डिसेंबरात लागलं, कारखाना सुरू झालेला, आडसाली ऊस तोडीला आलेला. हे फार महत्त्वाचं. वाडीचं सगळं रान आडसालीचं, आणि तोड कधी मिळणार हे कारखान्याच्या चिटबॉयच्या हातात, आणि चिटबॉय ऐकतो कुणाचं तर आबांच्या मागं तालुक्याचे जे पुढारी होते त्यांचं. आम्ही त्यांना साहेब म्हणू. आबांना वाटलं वाडी कुठं जात नाही, एक जागा दिली की बास. बापूंनी दोन मागितल्या. आबांच्या घरी बैठक झाली तेव्हा आबा म्हणाले, "बापू, आठ जागात मला चार गल्ल्या सांभाळायच्यात, तुमाला दोन दिल्या तर माझ्या भावकीतलीच पोरं उद्या माझ्या दारात उभी राहतील." आणि ते खोटं नव्हतं, ज्यांनी गुंठे पोरांच्या नावावर केले त्या प्रत्येकाला तिकीट पाहिजे होतं. बापू उठले आणि त्या रात्री तात्यांकडं जेवायला होते. तात्यांनी दोन जागा आणि व्हाईस चेअरमनपद कबूल केलं. वाडीच्या खंडोबापुढं बेलभंडारा उचलला गेला.

छाननीला एक प्रकार झाला तो सांगतो, कारण दरवेळी होतो. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही, आणि कायद्याप्रमाणे त्याला मतही नाही. तात्यांच्या पॅनेलमधल्या दोघांची थोडी थोडी बाकी होती. त्यांनी पैसे गोळा केले, सोसायटीत गेले तर सचिव रजेवर, कुलूप. दुसऱ्या दिवशी पण कुलूप. तात्यांचा पुतण्या हुशार, त्यानं थेट बँकेच्या शाखेत त्या दोघांच्या नावानं भरणा केला, शिक्का मारलेली पावती घेतली आणि सोबत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला की दाखला मिळावा म्हणून दोन दिवस आम्ही दारात उभे आहोत, फोटो सोबत जोडले. छाननीला हरकत आली, पावती पुढं केली, अर्ज वैध. पावती नसती तर ते दोघं तिथंच गेले असते आणि ऐनवेळी पर्यायी माणूस पण देता आला नसता. म्हणून जाणती माणसं एकेका जागेला दोन-दोन अर्ज भरून ठेवतात आणि माघारीला एक काढतात.

माघारीला पंधरा दिवस असतात आणि ते पंधरा दिवस खरं राजकारण चालतं. बिनविरोध करूया म्हणून गावातली चार जाणती माणसं बसली, पाहुण्यांकरवी निरोप गेले, साहेबांचा फोन आला. आठ-पाच करा, सात-सहा करा, असं शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चाललं. फिसकटलं ते चेअरमनपद आधी कुणाला यावर. राखीव जागांवरच्या माणसांना या सगळ्यात कुणी विचारलं नाही हे मला कायम खटकतं. अनुसूचित जातीच्या जागेला मत सगळं गाव देतं, त्यामुळं वस्तीनं ज्याला पुढं केलं तो मागं राहतो आणि ज्याच्या नावाला पॅनेलप्रमुख हो म्हणतात तोच निवडून येतो. इथं पण तसंच झालं. महिलांच्या दोन जागांना तर उमेदवारांची नावं घरच्यांनी परस्पर भरली.

आता मतदान. आदल्या रात्री मुंबई-पुण्याहून माथाडीत आणि कंपन्यांत असलेली पोरं दोन्हीकडच्या गाड्यांतनं आली. चिन्हं होती आबांची कपबशी आणि तात्यांची छत्री. घरोघर नमुना मतपत्रिका घेऊन एकच शिकवण, पॅनेल टू पॅनेल मारा, एकाला वगळू नका. कारण पॅनेलप्रमुखाला भीती समोरच्याची नसते, आपल्याच माणसाची असते. आठ मतं हातात असली की माणूस सात इकडं आणि एक तिकडं देऊ शकतो, आणि कुणाला कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे आपल्याच पॅनेलमधला एखादा उमेदवार आपल्या भावकीला सांगतो की मला एकट्यालाच मारा, बाकीचे शिक्के कोरे सोडा. म्हणजे त्याचं मत वाढतं आणि बाकीच्या सातांचं कमी होतं.

५३१ लोकांनी मतदान केलं. त्याच दिवशी संध्याकाळी शाळेत मोजणी. सर्वसाधारण गटात २४ मतपत्रिका बाद निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच पत्रिकांवर आठच्या ऐवजी नऊ-दहा शिक्के होते. लोक म्हणाले अडाणी म्हातारी माणसं, चुकली. मला तसं वाटत नाही. ज्यानं आठ तात्यांना मारलेत आणि नववा नेमका आबांच्या पुतण्याला, ज्यानं त्याच्या कर्जाला जामीन राहून सही केली होती, तो माणूस चुकला नाही, त्याला कुणाचंच नाव सोडवत नव्हतं.

राहिल्या ५०७ वैध पत्रिका. त्यातल्या सरळ कपबशीच्या १९०, सरळ छत्रीच्या २०५, आणि मिसळ ११२. निकाल ठरवला तो या ११२ जणांनी. वाडीचे दोघं छत्रीवरनं सगळ्यात पुढं, २९६ आणि २८८. छत्रीचे अजून दोघं २६२ आणि २५५ वर निघाले. कपबशीचे चौघं २८१, २७०, २६४ आणि २५१. नववा आला तो तात्यांचा सख्खा पुतण्या, तोच पावतीवाला, २४९ मतं. दोन मतांनी पडला. फेरमोजणी झाली, आकडा तोच.

आता या आकड्यांतनं काय वाचता येतं बघा. वाडीच्या माणसांना पॅनेलपेक्षा ८० ते ९० मतं जास्त पडली, म्हणजे आबांच्या गटातल्या बऱ्याच लोकांनी पण त्यांना एकेक शिक्का दिला. आणि पुतण्याला सरळ मतांच्या वर फक्त ४४ मिळाली, त्याच मिसळ ११२ मधली. वाडीनं जर बेलभंडाऱ्याप्रमाणं सरळ छत्री मारली असती तर तो दोन मतांनी पडलाच नसता. वाडीत वीस-पंचवीस घरांनी आपली दोन माणसं मारली, छत्रीची अजून चार-पाच मारली आणि उरलेले शिक्के कपबशीतल्या आबांच्या पुतण्याला आणि त्याच्या जोडीदाराला दिले. बापूंना हे माहीत नव्हतं असं गावात कुणी मानत नाही. पण बापूंनी शब्द मोडला असं पण मी म्हणणार नाही, त्या वीस-पंचवीस घरांचा ऊस रानात उभा होता आणि मार्च पण येणारच होता. त्यांनी आपापलं दोन्हीकडचं देणं एकाच पत्रिकेवर फेडलं.

राखीव जागांत महिला एक-एक, ओबीसी छत्री, भटक्या-विमुक्त छत्री, अनुसूचित जाती कपबशी. बेरीज छत्री ७, कपबशी ६. तात्यांचा गुलाल रात्री बारापर्यंत. पहिल्या मीटिंगला तात्या चेअरमन, बापूंचा भाऊ व्हाईस चेअरमन. पंधरा वर्षांनी सत्ता बदलली, पेपरात चार ओळी आल्या.

गावाच्या हिशोबानं गोष्ट इथं संपली, पण साहेबांच्या हिशोबानं ती आत्ता सुरू झाली. एवढ्याशा सोसायटीत तालुक्याच्या पुढाऱ्यानं एवढा जीव का घालावा? कारण जिल्हा बँकेच्या संचालकाला निवडून देणारे मतदार म्हणजे ह्या सोसायट्या. प्रत्येक सोसायटी कमिटीत ठराव करून एका माणसाचं नाव पाठवते आणि तालुक्याच्या सोसायटी गटात त्या एका माणसाचं एक मत. सातारा जिल्हा बँकेच्या २०२१ च्या इलेक्शनला जावळीच्या सोसायटी गटात आमदार शशिकांत शिंदे २५ विरुद्ध २४ असे एका मतानं पडले, हे सगळ्या जिल्ह्यानं बघितलंय. जिथं अख्ख्या तालुक्याचा निकाल पन्नासेक ठरावांवर असतो तिथं एका गावचा एक ठराव म्हणजे काय ते सांगायला नको. ठराव ज्याच्या नावानं आहे त्याला मग महिनाभर आधी सहलीला नेतात, फोन बंद.

तर ठरावाची मीटिंग लागली. तात्यांनी धरून चाललेलं की ७ विरुद्ध ६ आपलंच, ठराव आपल्याच नावानं. मीटिंगच्या आठ दिवस आधी वाडीत ऊसतोड टोळ्या आल्या. एक नाही, दोन. ज्या रानांचा नंबर अजून पंधरा-वीस दिवसांनी होता ती रानं आठवड्यात मोकळी झाली, लोकांनी हरभरा टाकून घेतला. बापूंना कुणी एक रुपया दिला नाही. मीटिंगमध्ये आबांच्या गटानं सूचना मांडली की ठराव वाडीच्या संचालकाच्या नावानं करावा, ज्याला सगळ्यात जास्त मतं पडलीत त्याचा मान. विरोध करायला तोंड नाही असं नाव. मतदान झालं, आबांचे ६ आणि वाडीचे २, म्हणजे ८ विरुद्ध ५.

तात्यांनी नंतर बापूंना विचारलं म्हणे, "भंडारा उचलला हुता न्हवं बापू?" बापू म्हणाले, "उचलला हुता की. सोसायटीसाठी उचलला हुता, तुमी चेअरमन झालाय का न्हाय? ब्यांकेचं तवा कोण बोललंच न्हवतं."

आणि तात्यांना तोडून बोलता येईना, कारण वाडी बाजूला गेली तर त्यांची खुर्ची पाचावर येते. म्हणजे आबा सत्तेतनं गेले तरी साहेबांना पाहिजे होता तो ठराव मिळाला. तात्यांना खुर्ची मिळाली पण ती वाडीच्या मर्जीवर. वाडीला ९५ मतांत दोन संचालक, व्हाईस चेअरमनपद, ठराव आणि वेळेवर तोड.

तात्या चेअरमन झाल्यावर पहिल्याच तिमाहीत पडून असलेल्या वारस नोंदींचे २६ अर्ज मंजूर झाले, ते सगळे त्यांच्या गल्लीतले आणि वाडीतले. आबांच्या भावकीतली दोन माणसं त्या वर्षी वारली, त्यांच्या पोरांचे अर्ज अजून पुढच्या मीटिंगवर आहेत. आबांच्या पुतण्यानं ते या वेळी रजिस्टर पोस्टानं पाठवलेत.